आधी दोरी की आधी फट?

मे महिना लागला की माझ्या दवाखान्यात आठ-नऊ वर्षांच्या मुलांची गर्दी होते. शाळेला सुट्टी असते, आणि वर्षभर पुढे ढकललेली दातांची कामं आईबापांना तेव्हाच आठवतात. कागलहून एक आई अशीच मुलीला घेऊन आली. मुलगी साडेआठ वर्षांची. ती खुर्चीत नीट टेकायच्या आतच आईने तिचा वरचा ओठ दोन बोटांनी उचलला आणि म्हणाली, "ही बघा डॉक्टर, मांसाची दोरी. दोन दातांच्या मधी घुसलीय. ही कापली की फट जाईल म्हणून सांगितलंय आम्हाला. सुट्टीतच उरकून टाकूया की, शाळा बुडायला नको."

दोरी होती, यात शंका नाही. ओठाच्या आतल्या बाजूने निघून ती हिरडीवरून थेट पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीत उतरली होती. फट दोन मिलिमीटरला थोडी कमी. ओठ वर ओढला की दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण पांढरा पडत होता. ज्या खुणा पाहून फ्रेनम कापायला सांगतात, त्या सगळ्या तिथे हजर होत्या. तरी मी कापायला नको म्हणालो आणि अडीच-तीन वर्षांनी सुळे आल्यावर या, असं सांगितलं. आई नाराज होऊन गेली. फ्रेनम दिसतो म्हणून तो दोषी ठरत नाही, हे तिला त्या पाच मिनिटांत मला पटवता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फ्रेनम म्हणजे ओठ आणि जबड्याचं हाड यांना जोडणारी श्लेष्मल त्वचेची घडी. ओठ उलटून आरशासमोर उभं राहिलं की प्रत्येकाला आपला फ्रेनम दिसेल. तो वर, हिरडीच्या मुळाशी संपत असेल तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खाली, दातांच्या मधे संपत असेल आणि तिथे फट असेल तर मात्र दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, आणि पाहणाऱ्याचं मन लगेच एकीला कारण ठरवतं, दुसरीला परिणाम. एडवर्ड अँगल हा आधुनिक दंतसरळीकरणाचा आद्य पुरुष. त्याच्यापासून हे चालत आलं आहे. १९०७ च्या सुमारास त्याने असा खाली उतरलेला फ्रेनम हे फटीचं कारण मानलं, आणि त्याच्या शब्दाला एवढं वजन होतं की पुढे पिढ्यान्‌पिढ्या फ्रेनम कापले गेले. १९३४ मध्ये टेट नावाच्या डॉक्टरने नेमकं उलटं म्हटलं: फ्रेनम हे कारण नाही, तो फटीचा परिणाम आहे.

टेटचं म्हणणं ऐकताना विचित्र वाटतं. दोरी फटीमुळे कशी तयार होईल? पण बाळाचा जबडा कसा वाढतो ते पाहिलं की ते विचित्र राहत नाही. गर्भात ही घडी ओठापासून निघून जबड्याच्या कडेवरून पलीकडे जाते आणि टाळूच्या पुढच्या टोकाला असलेल्या छोट्या उंचवट्याला चिकटलेली असते. म्हणजे सुरुवातीला प्रत्येकाचाच फ्रेनम 'घुसलेला' असतो. नंतर दात येऊ लागतात, दातांना धरणारं हाड खाली खाली वाढतं, दोन दात जवळ येतात आणि मधल्या पट्ट्याचे दोन तुकडे पडतात. टाळूकडचा उंचवटा टाळूला राहतो, ओठाकडची घडी ओठाला राहते. फ्रेनम स्वतः वर सरकत नाही. हाड आणि दात खाली येतात, म्हणून तो वर गेल्यासारखा दिसतो. आता समजा दुसऱ्याच कुठल्या कारणाने दोन दात जवळ आलेच नाहीत, तर मधल्या पट्ट्यावर दाब पडणार नाही आणि तो होता तिथेच राहील. फट आधी आणि दोरी नंतर, किंवा दोरी आधी आणि फट नंतर, दोन्ही प्रकारांत ओठ उचलून पाहिल्यावर दिसणारं चित्र हुबेहूब सारखंच असतं. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे. ज्या खुणेवर आपण निवाडा करायला निघालो आहोत, ती खूण दोन्ही पक्षांकडे आहे. तान्ह्या बाळांच्या ओठाखालचा असाच खाली उतरलेला पट्टा पाहून घाबरणाऱ्या आजकालच्या आईवडिलांनाही मी हेच सांगतो. त्या वयात तो तसाच असायचा.

साडेआठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर फट असणं हाच नियम आहे. या वयात वरचे सुळे अजून हाडात, नाकाच्या बाजूला उंचावर असतात. खाली उतरताना ते शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात. मुळं आत ढकलली गेली की दातांची टोकं बाहेर, पंख्यासारखी फाकतात. ब्रॉडबेंट नावाच्या संशोधकाने या अवस्थेला अँडरसनच्या गोष्टीतल्या कुरूप पिल्लाचं नाव दिलं. मराठी घरांना हे पिल्लू ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यातून चांगलंच ओळखीचं आहे. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली येतात, त्यांचा दाब आता मुळांऐवजी दातांच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर पडतो आणि पंखा मिटतो. दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुधा यातच बंद होते. त्याहून मोठी असेल तर आपोआप पूर्ण मिटेल याचा भरवसा कमी.

स्वीडनमधल्या बर्गस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो मला आजही फार मोलाचा वाटतो. फट असलेल्या मुलांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाचा फ्रेनम कापला, दुसऱ्याचा तसाच ठेवला, आणि दहा वर्षं पाठपुरावा केला. सुरुवातीला कापलेल्या गटात फट लवकर कमी झाली. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. कागलच्या त्या आईने मुलीचा फ्रेनम कापून घेतला असता आणि बाराव्या वर्षी फट मिटलेली दिसली असती, तर तिने त्याचं श्रेय कापण्याला दिलं असतं. शेजारणीलाही तोच सल्ला दिला असता. लहान वयात केलेल्या या शस्त्रक्रियेला यश एवढं सहज मिळतं, कारण ते काम निसर्ग करणारच असतो.

मोठ्या वयात ही सोय नसते, म्हणून चूक तिथे उघडी पडते. इचलकरंजीचा विशीतला एक मुलगा माझ्याकडे आला. चौदा महिन्यांपूर्वी त्याचा फ्रेनम कापून झाला होता. कुठे, ते महत्त्वाचं नाही. ओठाखाली नीट भरलेला पांढुरका व्रण होता आणि त्याखाली तीन मिलिमीटरची फट जशीच्या तशी. मी त्याच्या दातांचा प्लास्टरचा साचा केला आणि मोजमाप घेतलं. पुढचे मधले दोन दात साडेआठ मिलिमीटर रुंद, म्हणजे अगदी सर्वसाधारण. त्यांच्या शेजारचे, पटाशीचे बाजूचे दात सर्वसाधारणपणे साडेसहा मिलिमीटर असतात. त्याचे दोन्ही पाचच मिलिमीटर निघाले. एका बाजूला दीड मिलिमीटर कमी, दुसऱ्या बाजूलाही दीड. बेरीज तीन. फटीचा अख्खा हिशेब तिथेच जुळला. दोरीच्या वाट्याला एक दशांशही उरला नाही.

हा हिशेब करायला यंत्र लागत नाही. साचा, टोकदार कर्कटक आणि पाच मिनिटं पुरतात. तरी तो केला जात नाही, कारण नजर ओठ उचलताच दोरीवर खिळते. शेजारचा दात लहान आहे हे नजरेला टोचत नाही. लोक त्याला 'नाजूक दात' म्हणून कौतुकही करतात. आम्ही त्या मुलाला सहा-सात महिने तारा लावून मधली फट बंद केली आणि ती जागा बाजूच्या दातांच्या दोन्ही अंगांना वाटून दिली. मग ते दोन दात दाताच्याच रंगाच्या भरावाने साडेसहापर्यंत रुंद केले. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, "मग ते कापलं कशाला होतं, डॉक्टर?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

लहान दात हे एक कारण. दुसरं कारण हाडात दडलेलं असतं: दोन दातांच्या मुळांमधे अडकलेला एखादा जादा दात. तो बाहेर दिसत नाही, म्हणून एक्स-रे काढल्याशिवाय फ्रेनमला हात लावणं मला गैर वाटतं. बाजूचा दात जन्मतःच नसणं, गिळताना जीभ पुढच्या दातांवर रेटली जाणं, खालचे दात वरच्या दातांच्या मागे खोलवर आपटून त्यांना पुढे ढकलणं, यांपैकी काहीही फट पाडू शकतं. आणि पंचेचाळिशीत एखादी बाई "पूर्वी नव्हती, आता दोन वर्षांत पडलीय" म्हणून आली, तर फ्रेनमचा विचारही मनात येऊ नये. तो तर जन्मापासून तिथेच आहे. नव्याने पडलेली फट बहुधा हिरड्यांच्या आजाराने हाड झिजल्याची आणि दात सरकल्याची खूण असते. तिथे दोरी कापत बसणं म्हणजे खऱ्या आजाराला मोकळं रान देणं.

मग ओठ ओढून हिरडी पांढरी पडते का पाहायची ती चाचणी खोटी का? खोटी नाही. ती आपल्याला जेवढं सांगते, त्याहून जास्त आपण तिच्याकडून ऐकतो. ओठ वर आणि पुढे ताणायचा आणि दातांच्या मागे, टाळूकडच्या त्या छोट्या उंचवट्याकडे पाहायचं. पुढचा त्रिकोण अनेकांचा थोडाफार फिका होतो. मागचा उंचवटा पांढरा झाला तर ताण दोन दातांच्या मधून आरपार जातो आहे, म्हणजे तंतू पलीकडे पोहोचले आहेत, एवढं कळतं. ते तिथे आहेत हे कळतं. त्यांनी दात दूर ठेवले आहेत हे कळत नाही.

खरं तर फ्रेनम दातांना ढकलू शकतो, हीच कल्पना मला पटत नाही. त्यात जोर लावणारा स्नायू जवळपास नसतोच. असतात ते मुख्यतः चिवट तंतू. तो दोषी असतो तेव्हा त्याचा दोष वेगळा असतो. शेजारशेजारच्या दातांच्या मुळांना हाडाच्या वरून एकमेकांशी बांधणारे तंतू हिरडीत असतात. ओळीतले दात खांद्याला खांदा लावून उभे राहतात, त्यात या बांधणीचा वाटा आहे. मधला फ्रेनम फार रुंद असेल आणि हाडाच्या जोडापर्यंत खोल गेला असेल, तर ही बांधणी मध्यरेषेवर तुटक राहते. इतर प्रत्येक दात शेजाऱ्याला बांधलेला, आणि हे दोनच एकमेकांना नाहीत. म्हणून फट मिटवली तरी ती धरून ठेवायला तिथे काही नसतं. हे लक्षात आलं की फ्रेनम कापण्याची वेळही बदलते. दात जवळ आणण्यासाठी तो कापायचा नाही. जवळ आणलेले दात पुन्हा दूर जाऊ नयेत म्हणून कापायचा.

माझ्याकडची गडहिंग्लजची तेरा वर्षांची एक मुलगी याचं उदाहरण. सातव्या वर्षापासून तिची फट तीन मिलिमीटर होती. चारही सुळे येऊन गेले तरी ती हलली नव्हती. साच्यावर मोजलं, सगळे दात मापात. एक्स-रेमधे जादा दात नव्हता. दोन मुळांमधलं हाड मात्र रुंद होतं आणि त्याच्या कडेला, जिथे एरवी टोक दिसतं, तिथे खाच होती. जीभ रेटली जात नव्हती, चावा खोल नव्हता, फटीशिवाय इतरत्र कुठे मोकळी जागा नव्हती. ओठ ओढला की टाळूकडचा उंचवटा कागदासारखा पांढरा. एकेक संशयित असा बाजूला झाला तेव्हाच मी फ्रेनमचं नाव वहीत लिहिलं, आणि तेही प्रश्नचिन्हासह.

आधी तारा लावल्या. पुढचे दात किंचित पुढे झुकलेले होते. ते आत घेताना पाच महिन्यांत फट मिटली. मिटताना दोन दातांच्या मधे मांसाचा फिकट, घट्ट गोळा जमला. महिनाभर मी दात एकमेकांशी बांधून ठेवले नाहीत, मुद्दामच. पुढच्या खेपेला एक मिलिमीटर फट पुन्हा उघडली होती. माझ्या दृष्टीने ही खरी परीक्षा. दात जवळ आल्यावर मधला पट्टा दबून विरून गेला असता, तर टेट म्हणतो तसा तो निव्वळ परिणाम होता. तो विरला नाही, गोळा होऊन बसला आणि दात परत फाकले. आता त्याला दोषी म्हणायला माझी हरकत नव्हती.

फट पुन्हा मिटवून, दात तारेने घट्ट बांधून, मी तिला हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. शस्त्रक्रिया जेमतेम अर्ध्या तासाची. ओठाच्या आत दोन्ही बाजूंना भुलीचं इंजेक्शन, फ्रेनम चिमट्यात धरून चिमट्याच्या वरून आणि खालून छेद. चिमट्यातला तुकडा निघाला की हिऱ्याच्या आकाराची जखम उरते. खूप ठिकाणी काम इथेच थांबतं आणि टाके पडतात. पण खरं काम यानंतर सुरू होतं. जखमेच्या तळाशी, दोन दातांच्या मधून हाडाच्या जोडापर्यंत गेलेले तंतू खरवडून मोकळे करायचे असतात. एडवर्ड्सने १९७७ मध्ये याच गोष्टीवर भर दिला होता: घडी वर सरकवून बसवायची, दातांमधले तंतू तोडायचे, आणि हिरडीच्या त्रिकोणाला आकार द्यायचा, पण तो उडवायचा नाही. त्रिकोण उडाला तर दोन दातांच्या मुळाशी काळा झरोका कायमचा राहतो, आणि फटीच्या जागी नवी खोड आली एवढंच होतं. लेझरने रक्त कमी येतं, टाके बहुधा लागत नाहीत, आणि मूल कमी घाबरतं. हे फायदे खरे आहेत. पण लेझरने वरची घडी नाहीशी केली आणि खालचे तंतू राहिले, तर हत्यार बदलून काही साधलं नाही.

आधी कापून मग तारा का लावायच्या नाहीत, असं काही सहकारी विचारतात. पट्टा फारच जाड असेल आणि दात मिटूच देत नसेल तर मीही आधी कापायला सांगतो. एरवी नाही. जखम भरताना तिथे व्रण तयार होतो. दात उघडे असताना तो फटीत बनला तर पुढे दात त्याच्यावर येऊन अडण्याची भीती असते. दात मिटलेले असताना तो बनला तर आकसताना त्यांना जवळ धरायला मदतच करतो, असा आमच्यातल्या बहुतेकांचा अनुभव आणि तर्क आहे. अमेरिकेतल्या बालदंततज्ज्ञांची संघटनाही फट शक्य तेवढी मिटेपर्यंत थांबायला सांगते. फ्रेनम हिरडीची कड वर ओढत असेल, ब्रश लावताना दुखत असेल, हिरडी सोलवटत असेल, तर वाट पाहायचं कारण नाही. पण ती शस्त्रक्रिया हिरडीसाठी आहे, फटीसाठी नाही, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

आमच्या भागात एक अडचण आहे. पालक ज्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जातात, तो बहुधा एकटाच असतो आणि जे त्याच्या हातात आहे ते तो करतो. तारा लावायला दीड-दोन वर्षं आणि पैसे लागतात, फ्रेनम एका दिवसात कापून होतो. नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी लहान मुलांचे, तारांचे आणि हिरड्यांचे विभाग एकाच छताखाली असतात, म्हणून अशा मुलांना एकदा तिथे दाखवा असं मी सांगतो. एकाने हिशेब मांडावा, दुसऱ्याने तपासावा. आणि फटीला भाग्याची खूण मानणारी घरंही आमच्याकडे आहेत. ज्याला ती तशी हवी आहे, त्याच्या दाताला आणि फ्रेनमला हात लावायचं काहीच कारण नाही.

गडहिंग्लजच्या मुलीची जखम दहा दिवसांत भरली. तारा आणखी सहा महिने ठेवल्या आणि काढताना दोन दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवली. त्या दिवशी तिला घ्यायला तिचे वडील पहिल्यांदाच आले. ते हसले तेव्हा मी पाहिलं, त्यांच्याही पुढच्या दोन दातांत तशीच फट. घरात कुणाला फट असेल तर मिटवलेली फट परत उघडण्याचा धोका जास्त असतो, हे मला ठाऊक होतं. तरी सुरुवातीलाच विचारायचं राहून गेलं होतं.

दीड वर्षाने, हंगामात, ऊस सोलताना मागची तार एका बाजूने सुटली. दिवाळीनंतरची परीक्षा, मग घरातलं लग्न, असं करत ती यायला सहा आठवडे गेले. आली तेव्हा फट अर्धा मिलिमीटर उघडली होती. ओठ ओढून पाहिला. टाळूकडचा उंचवटा गुलाबीच राहिला, पांढरा झाला नाही. पट्टा नव्हता, तंतू नव्हते, आणि फट तरी परत येत होती. फ्रेनम खरोखर कारण होता अशी माझी खात्री असलेल्या या एका मुलीतही तो एकटा नव्हता, हे मला तिथे उभं राहून कबूल करावं लागलं. काढता-घालता येणारी प्लेट महिनाभर लावून फट मिटवली, नवी तार बसवली, आणि वहीतल्या त्या जुन्या पानावर फ्रेनमच्या पुढे 'वडिलांनाही फट' असं लिहून ठेवलं.